न्हाणीचं पाणी बागेला आणि फ्लशला : चाळीस घरांच्या इमारतीचा हिशोब

गेल्या भागात आपण पावसाच्या पाण्याबद्दल बोललो. आज विषय रोजच्या पाण्याचा, म्हणजे अंघोळ करून आपण जे सोडून देतो त्याचा. त्याला ग्रे वॉटर म्हणतात. मी आपला न्हाणीचं पाणी म्हणतो, कारण या कामात ते पाणी नक्की कुठून आलं, यावरच सगळं अवलंबून आहे.

निवृत्तीनंतर मी बंगळुरूला स्थायिक झालो. आमची इमारत चाळीस घरांची, माणसं साधारण १५०, प्रत्येक घरात दोन संडास, खाली ३०० चौरस मीटरची बाग. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूत पाण्याची काय अवस्था झाली होती, ते इथल्या लोकांना सांगायला नको. बोअरवेल आटल्या, आणि बागेला किंवा गाडी धुवायला पिण्याचं पाणी वापरलं तर ५,००० रुपये दंड, असा हुकूम निघाला. आमच्याकडे रोज एक ६,००० लिटरचा टँकर येत होता. सोसायटीच्या सभेत कोणीतरी म्हणालं, कर्नल इंजिनिअर्समध्ये होते, त्यांना विचारा. अशा रीतीने मी पकडला गेलो.

पहिल्याच आठवड्यात एक कंत्राटदार आला. त्याचं म्हणणं, स्वयंपाकघर, वॉशिंग मशीन, न्हाणी, सगळं पाणी एकत्र करू आणि मोठं यंत्र बसवू. मी त्याला म्हटलं, आधी मला किती पाणी लागतं ते सांगा. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या मते इथेच बहुतेक सोसायट्या चुकतात. किती पाणी मिळेल याचा हिशोब आधी होतो आणि किती लागेल याचा नंतर. तो उलटा करायला हवा.

भारतीय मानक ११७२ मध्ये माणशी रोज १३५ लिटर पाणी धरलं आहे. त्यात अंघोळीला ५५, कपड्यांना २०, फ्लशला ३०, आणि उरलेल्या ३० मध्ये भांडी, फरशी, स्वयंपाक नि पिणं. ३० गुणिले १५० म्हणजे फ्लशला ४,५०० लिटर. बागेला उन्हाळ्यात चौरस मीटरला ५ लिटर धरले तर १,५००. एकूण गरज ६,०००. आणि १५० माणसांच्या अंघोळीचे ५५ लिटरप्रमाणे होतात ८,२५०. म्हणजे नुसतं न्हाणीचं पाणीच गरज भागवून उरतं. मग तेलकट, खरकटं स्वयंपाकघराचं पाणी कशाला हवं? ते साफ करायला सर्वांत अवघड. कपड्यांच्या पाण्यात साबणाचा सोडियम आणि कपड्यांचे तंतू. दोन्ही सोडून दिली.

पण ५५ हा कागदावरचा आकडा. आमच्याकडे निम्मी मंडळी बादलीने अंघोळ करतात. बादली १८ लिटरची, वर चार तांबे. मग ५५ कुठून येणार? म्हणून सात दिवस मोजमाप केलं. न्हाणीच्या पाण्याचे जे चार उभे पाइप खाली येतात, ते एका तात्पुरत्या प्लॅस्टिकच्या टाकीत वळवले, आणि चौकीदाराने दर तासाला काठी बुडवून पाण्याची उंची वहीत लिहिली. एरवी रोज ६,४०० लिटर निघाले, रविवारी ७,२००. म्हणजे माणशी ४३ लिटर. कागदावर २,२५० लिटर शिल्लक दिसत होते, प्रत्यक्षात ४०० च होते. उन्हाळ्यात जेमतेम पुरेल आणि पावसाळ्यात बागेचे १,५०० लिटर वाचून गटारात जातील, हे तेव्हाच कळलं. हे मोजमाप केलं नसतं तर कंत्राटदाराने सवा पट मोठं यंत्र गळ्यात मारलं असतं, आणि मोठं यंत्र पाण्यावाचून अर्धपोटी राहिलं की त्यातले जिवाणू मरतात.

त्या वहीतून दुसरी गोष्ट कळली. सकाळी सहा ते साडेनऊ या साडेतीन तासांत दिवसाचं साठ टक्के पाणी येतं. साधारण ३,८००. ते पुढे लक्षात ठेवा.

आता पाइप. जुन्या पद्धतीच्या आपल्या इमारतींची एक मेहेरबानी आहे. संडासाचा उभा पाइप वेगळा आणि न्हाणीचा वेगळा, दोघे खाली जमिनीत भेटतात. न्हाणीच्या जमिनीतलं जे जाळीचं भांडं असतं त्याला देशभरचे प्लंबर नहाणी ट्रॅप म्हणतात. हा शब्द आपला, मराठी. आमचा प्लंबर ओडिशातल्या केंद्रपाड्याचा, त्याला मराठीचा गंध नाही, पण ‘नहाणी ट्रॅप’ तो अगदी आपल्यासारखं म्हणतो. तर न्हाणीचा पाइप खाली गली ट्रॅपमध्ये येतो आणि तिथून मैल्याच्या चेंबरला मिळतो. गली ट्रॅपच्या आधी पाणी उचललं, तर वरच्या एकाही घरात खोदकाम न करता न्हाणीचं पाणी वेगळं मिळतं. तुमच्या इमारतीत एकच पाइप सगळं घेऊन येत असेल, तर मात्र हे काम घराघरांत शिरून करावं लागेल आणि खर्च कितीतरी पट होईल. तेव्हा पहिलं काम, डक्टमध्ये डोकावून पाइप मोजा.

आणि मोजून झाले तरी विश्वास ठेवू नका. आम्ही प्रत्येक कमोडमध्ये लाल खाद्यरंग टाकून फ्लश केला आणि खाली न्हाणीच्या पाइपाकडे एकाला बसवला. ऐंशी संडासांपैकी एकाचा रंग तिथे उतरला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराने नूतनीकरण करताना कमोड दोन फूट सरकवला होता, आणि जवळ दिसला त्या पाइपाला जोडून टाकला होता. एका घराचा मैला चाळीस घरांच्या फ्लशमध्ये गेला असता. त्यांनी तो परत जागेवर नेला, थोडी कुरकूर करून.

याच तपासणीत दोन घरांची वॉशिंग मशीनही न्हाणीत सापडली. ती तशीच ठेवली. दोनाने बिघडत नाही, वीसाने बिघडतं.

आता शुद्धीकरण. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण सर्वाधिक पैसे इथे वाया जातात. न्हाणीचं पाणी दिसायला बरं असतं. थोडं गढूळ, साबणाचा फेस, केस. त्यामुळे विक्रेते सांगतात, वाळूचा फिल्टर आणि कोळशाचा फिल्टर लावा, झालं. आम्ही महिनाभर असा एक नमुना उधारीवर चालवून पाहिला. बाहेर येणारं पाणी काचेसारखं स्वच्छ. मी ते एका पारदर्शक बाटलीत भरलं, बूच लावलं आणि सावलीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी उघडलं तर कुजक्या अंड्याचा वास. कारण सोपं आहे. साबण, घाम, अंगाचं तेल यातला मोठा भाग पाण्यात विरघळलेला असतो. वाळू त्याला अडवू शकत नाही. कोळसा थोडे दिवस अडवतो आणि मग भरतो. ते विरघळलेलं अन्न जिवाणूंनीच खायला हवं. आपण हवा देऊन टाकीत खाऊ घातलं नाही, तर ते फ्लशच्या टाकीत हवेशिवाय खातात, आणि तो वास घरात येतो.

ही बाटलीची चाचणी तुम्हीही करा. कोणाचंही यंत्र घेण्याआधी त्याच्या चालू असलेल्या एखाद्या इमारतीत जा, एक बाटली भरून आणा, पाच दिवस बंद ठेवा. वास आला तर चहा पिऊन परत या.

जिवाणूंकडून काम करून घेण्याच्या दोन वाटा. एक, खडीचा वाफा आणि त्यात कर्दळ, पाणकणीस लावणं. वीज जवळजवळ लागत नाही आणि दिसायला छान. पण आमच्या पाण्याला हिशोबाने ऐंशी ते नव्वद चौरस मीटर जागा लागत होती. बागेचा जवळजवळ तिसरा हिस्सा. ज्यांच्याकडे जागा आहे, गावाकडच्या सोसायट्या वगैरे, त्यांनी हेच करावं असं माझं मत. आमच्याकडे जागा नव्हती. म्हणून दुसरी वाट. टाकीत प्लॅस्टिकच्या नक्षीदार चकत्या सोडायच्या, खालून हवा फुंकायची, आणि जिवाणू त्या चकत्यांवर वस्ती करतात. त्याला एमबीबीआर म्हणतात.

आमची मांडणी अशी. पाणी आधी जाळीतून जातं, केस तिथे अडकतात. मग ४,००० लिटरची जमवणूक टाकी. हा आकडा कुठून आला? सकाळी साडेतीन तासांत ३,८०० लिटर येतात. त्याच वेळी पंप ताशी ३०० लिटर पुढे ढकलतो, म्हणजे हजारभर निघून जातात. २,८०० साठतात. त्यावर सुरक्षेसाठी थोडी जागा. पंपाचा वेग ३०० अशासाठी की चोवीस तासांत ७,२०० होतात, तेवढंच रविवारचं पाणी. टाकी रात्री उशिरा जवळजवळ रिकामी व्हायलाच हवी. न्हाणीचं कच्चं पाणी एक दिवसाहून जास्त साठवू नये, ते सडतं. ‘मोठी टाकी केव्हाही चांगली’ हा आपला टँकरचा अनुभव इथे चालत नाही.

जमवणूक टाकीतून पाणी २,००० लिटरच्या हवेच्या टाकीत, ताशी ३०० म्हणजे सुमारे पावणेसात तास मुक्काम. तिथून गाळ बसण्याची छोटी टाकी, मग वाळूचा फिल्टर, कोळशाचा फिल्टर, आणि ३,००० लिटरची स्वच्छ पाण्याची टाकी. सुरुवातीला तीन आठवडे हे पाणी वापरलंच नाही, गटारात सोडलं. जिवाणूंची वस्ती बसायला तेवढे दिवस लागतात. आम्ही जवळच्या एका चालू यंत्रातला दोन बादल्या गाळ विरजणासारखा आणून टाकला होता.

क्लोरिनबद्दल सैन्यात शिकलेलं कामी आलं. आमच्या वॉटर पॉइंटवर हॉरॉक्सची पेटी असायची. सहा पांढऱ्या वाट्या, प्रत्येकीत वेगळी मात्रा, आणि कोणत्या वाटीत आधी निळा रंग येतो ते पाहून ब्लीचिंग पावडर किती टाकायची ते ठरवायचं. तत्त्व तेच आहे. पाणी आधी स्वतः क्लोरिन खातं, आणि खाऊन जे उरतं तेच जंतूंपासून राखण करतं. आम्ही लिटरला ५ मिलिग्रॅमने सुरुवात केली. ६,४०० लिटरला ३२ ग्रॅम, म्हणजे १० टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट रोज ३२० मिलिलिटर. ते छोट्या डोसिंग पंपाने थेंबाथेंबाने जातं. अर्ध्या तासाने पाण्यात लिटरला अर्धा ते एक मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक दिसला पाहिजे. जलतरण तलावासाठी मिळतो तो चाचणीचा संच यासाठी पुरतो. एक सूचना : हायपोक्लोराइटचा कॅन उन्हात ठेवला तर महिन्याभरात त्याचा जोर कमी होतो. मात्रा तीच, आणि क्लोरिन शून्य. असं दिसलं तर पंपाला दोष देण्याआधी कॅनवरची तारीख बघा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा भाग करायचं ठरवलं तिच्याकडे येतो.

शुद्ध केलेलं पाणी फ्लशला न्यायचं, तर त्याची टाकी वेगळी, उभा पाइप वेगळा, घराघरांतली जोडणी वेगळी. मुंबईत जुन्या इमारतींतही गच्चीवर फ्लशची टाकी वेगळी असते, त्यामुळे मुंबईकरांचं हे काम अर्धं झालेलं आहे. आमच्याकडे एकच टाकी होती. गच्चीवर २,००० लिटरची नवी टाकी बसवली, डक्टमधून जांभळ्या रंगाने रंगवलेला नवा पाइप उतरवला, आणि प्रत्येक संडासाच्या भिंतीला एक भोक पाडून फ्लशच्या टाकीपर्यंत नेला. घराला अर्धा दिवस.

पहिल्या ओळीतले सोळा संडास जोडून झाले. प्लंबर म्हणाला, “साहब, चालू कर दूँ?” मी म्हटलं, थांब. गच्चीवरच्या नव्या टाकीत अजून साधं पाणीच होतं. त्यात निळा खाद्यरंग ओतला आणि सोळाही घरांत जाऊन प्रत्येक नळ सोडून पाहिला. बेसिन, शॉवर, स्वयंपाकघर, सगळीकडे पाणी स्वच्छ. फ्लशमध्ये निळं, हवं तसंच. मग पहिल्या मजल्यावर मी सहज जेट स्प्रे दाबला. निळी धार.

कारण तुमच्या घरातही बघून घ्या. कमोडच्या मागे भिंतीतून एक अँगल कॉक बाहेर येतो. त्याला बहुतेक ठिकाणी दोन तोंडं असतात. एकातून नळी फ्लशच्या टाकीला जाते, दुसरीतून जेट स्प्रेला. प्लंबरने जुना पाइप काढून नवा त्याच अँगल कॉकला जोडला होता. त्याच्या दृष्टीने काम चोख होतं. फ्लशला पाणी येतंय, बस. पण जेट स्प्रेचं पाणी माणसाच्या शरीराला लागतं. आजारी माणूस, बाळंतीण, लहान मूल, सगळे तो वापरतात. कोणी त्याने बादली भरतं, कोणी कामवाल्या बाई त्यानेच फरशी धुतात. शुद्ध केलेलं न्हाणीचं पाणी तिथे जाता कामा नये. त्या दिवशी टाकीत रंगाऐवजी खरं पाणी असतं, तर कोणाला पत्ताही लागला नसता. पाणी दिसायला स्वच्छ, वास क्लोरिनचा. काही महिन्यांनी एखाद्या घरात जंतुसंसर्ग झाला असता आणि डॉक्टरांनी वेगळीच कारणं शोधली असती.

सोळापैकी चौदा घरांत तसंच निघालं. सगळे उघडून पुन्हा केले. जुना अँगल कॉक जागेवर, ताज्या पाण्यावर, फक्त जेट स्प्रेसाठी. नवा एकतोंडी कॉक फक्त फ्लशसाठी, जांभळी टोपी लावून. त्यानंतर प्रत्येक ओळ जोडल्यावर निळ्या रंगाची तपासणी झाल्याशिवाय मी सही केली नाही. घरमालकालाही सोबत उभं करून दाखवत होतो. आता नियम असा आहे की कोणीही बाथरूमचं काम काढलं, की ते संपल्यावर पुन्हा निळा रंग. नवा प्लंबर आला की तो पुन्हा दोनतोंडी कॉक लावणार, हे मी गृहीतच धरतो.

आमच्या दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात, वय ७४, कानडी. त्यांनी मला जिन्यात थांबवून विचारलं, कर्नल, लोकांच्या अंघोळीचं पाणी माझ्या घरात येणार का? मी त्यांना हो म्हटलं, पण कुठे येणार आणि कुठे नाही, ते रंग टाकून दाखवलं. सर्व नळ त्यांनी स्वतः सोडून पाहिले. मग म्हणाल्या, जेट स्प्रे दर वर्षी दाखवत जा. तो त्यांचा हट्ट आम्ही नियमात घातला. प्रश्न योग्यच होता.

उलट्या बाजूचाही एक धोका आहे. यंत्र बंद पडलं तर फ्लशला पाणी हवंच, म्हणून फ्लशच्या टाकीला ताज्या पाण्याची जोडणी द्यावी लागते. ही जोडणी पाइपाला पाइप लावून, मध्ये व्हॉल्व्ह ठेवून करू नका. व्हॉल्व्ह गळतो, कोणीतरी तो उघडा विसरतं, आणि ताज्या पाण्याचा दाब कमी झाला की फ्लशचं पाणी उलटं शिरतं. ताज्या पाण्याचा नळ टाकीच्या काठाच्या वर, हवेत सुटलेला हवा. पाइपाच्या जाडीच्या किमान दुप्पट अंतर. पाणी वरून पडलं पाहिजे, बुडून मिळता कामा नये.

आणि त्या नळाचा फ्लोट कुठे बसवता त्याला फार महत्त्व आहे. आमच्या इलेक्ट्रिशियनने पहिल्यांदा तो वरच बसवला. परिणाम काय, तर टाकी थोडी रिकामी झाली की ताजं पाणी आधी येऊन भरून टाकायचं, आणि खालचं शुद्ध केलेलं पाणी गटारात ओसंडायचं. यंत्र चालू, वीज जळते, सगळे खूश, आणि ताज्या पाण्याची बचत शून्य. तीन आठवड्यांनी मीटर पाहिले तेव्हा उलगडलं. आता ताज्या पाण्याचा फ्लोट तळापासून चौथाई उंचीवर आहे, आणि शुद्ध पाण्याचा पंप तीन चतुर्थांशाला सुरू होतो. म्हणून मीटर तीन लावा : यंत्रातून बाहेर पडणारं, गच्चीवर फ्लशला जाणारं, आणि ताज्या पाण्याची भर घालणारं. तिसरा मीटर रोज पहा. तो फिरायला लागला म्हणजे खाली काहीतरी बंद आहे, चौकीदार काहीही सांगो.

बंद काय पडतं? आमच्याकडे सर्वांत जास्त बंद पडली ती हवा. रात्री ब्लोअरचा आवाज येतो, अशी तळमजल्याची तक्रार होती. मग कोणीतरी रात्री तो गुपचूप बंद करायचं आणि पहाटे सुरू करायचं. चार दिवसांनी चकत्या तपकिरीच्या काळ्या झाल्या आणि वास सुटला. हवेवाचून त्या जिवाणूंची वस्ती कोलमडते आणि पुन्हा बसायला दोन-तीन आठवडे घेते. तेवढे दिवस पाणी गटारात सोडायचं आणि फ्लश ताज्या पाण्यावर. इलाज साधा होता, ब्लोअरखाली रबराचे ठोकळे आणि त्याच्याभोवती हवा खेळेल अशी पेटी. वीज बचतीच्या नावाने ब्लोअर बंद करू देऊ नका. पंप आणि ब्लोअर धरून आमची दिवसाची वीज बारा युनिटच्या आसपास जाते. त्यात रात्रीचे चार युनिट वाचवून काय मिळणार?

रोजच्या ओळखीच्या खुणा दोन-तीनच आहेत. चकत्या तपकिरी आणि मातीचा वास, म्हणजे सगळं ठीक. भरपूर पांढरा फेस, म्हणजे कोणीतरी डिटर्जंट किंवा फिनेल ओतलंय. फ्लशच्या टाकीच्या आतल्या भिंतीला बोट लावलं आणि बुळबुळीत लागली, म्हणजे क्लोरिन कमी पडतोय. संडास साफ करायचं ॲसिड न्हाणीत ओतू नका, हे प्रत्येक घरी दोनदा सांगावं लागतं. एकदा घरच्यांना, एकदा कामवाल्या बाईंना. त्यांना कारण सांगितलं की त्या घरच्यांपेक्षा चांगलं पाळतात, हा माझा अनुभव.

बागेबद्दल थोडक्यात. पाणी ठिबकनेच द्या, फवाऱ्याने नको, कारण तुषार श्वासात जातात. कोथिंबीर, पालक, जे कच्चं खातो किंवा नुसतं धुऊन घेतो, त्याला हे पाणी घालू नका. गुलमोहर, जास्वंद, कर्दळ, हिरवळ यांना काही होत नाही. साबणातला सोडियम मात्र हळूहळू मातीत साठतो. पानांच्या कडा करपल्या, मातीवर पांढरी साय धरली किंवा पाणी मुरायला वेळ लागायला लागला, की महिनाभर ते झाड ताज्या पाण्यावर ठेवा. पावसाळा ते आपोआप धुऊन काढतो. ज्यांच्या इमारतीत बोअरच्या जड पाण्यासाठी मिठाचं सॉफ्टनर आहे, त्यांनी त्याचं धुवणीचं खारं पाणी सरळ गटारात सोडावं. ते न्हाणीच्या टाकीत आलं तर बागेची वाट लागते. आमच्या शेजारच्या इमारतीत ते झालं आहे.

सध्या परिस्थिती अशी. यंत्रातून रोज सरासरी सहा हजार लिटर बाहेर पडतात, फिल्टर उलटा धुण्यात दोन-तीनशे जातात. फ्लशला प्रत्यक्ष ४,१०० लागतात, मानकापेक्षा कमी, कारण दिवसभर बरीच माणसं कचेरीत असतात. बागेला उरलेलं. एप्रिल-मे मध्ये तिसरा मीटर आठवड्यातून दोनदा थोडा फिरतो, ते आम्ही मान्य केलं आहे. टँकर रोजचा होता, आता आठवड्याला एक किंवा दोन येतात. शून्य झाला असं मी सांगणार नाही, कारण टँकरचं पाणी आम्ही अंघोळीलाही वापरतो, आणि ती गरज यातून भागत नाही.

शेवटी एक व्हॉल्व्ह सांगायचा राहिला. गली ट्रॅपपाशी, जिथे आपण न्हाणीचं पाणी उचलतो, तिथे एक बायपास ठेवा, हाताने फिरवायचा, म्हणजे वाटेल तेव्हा सगळं पाणी थेट गटारात जाईल. तो दुरुस्तीसाठी आहेच, पण आमच्याकडे तो वर्षातून दोनदा ठरलेल्या दिवशी फिरतो. एक होळीला, कारण रंग जिवाणूंना झेपत नाही आणि फ्लशमध्ये चार दिवस गुलाबी पाणी येतं. दुसरा नरक चतुर्दशीला. पहिल्या वर्षी आमच्या सहा मराठी घरांनी पहाटे चारला तेल आणि उटणं लावून अभ्यंगस्नान केलं, आणि साडेपाचला जाळी अशी तुंबली की पाणी पार्किंगमध्ये आलं. त्यात माझंही घर होतं. आता आदल्या रात्री अकराला मी स्वतः खाली जाऊन तो व्हॉल्व्ह फिरवतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत.